'कारण' लिहिलं म्हणजे पुरावा दिला असं नाही! स्पष्टीकरण आणि युक्तिवाद यांतला फरक कसा ओळखायचा?

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. काही तासांत फोटो सगळीकडे पसरले आणि त्यांच्यासोबत लोणारविषयी जुनी-नवी माहितीही फिरू लागली. त्या माहितीत असतात तशी दोन वाक्यं पाहू.

पहिलं वाक्य: "लोणारचं पाणी गुलाबी झालं, कारण खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव प्रचंड वाढले."

दुसरं वाक्य: "लोणारचं विवर उल्कापातानेच तयार झालं आहे, कारण तिथल्या खडकात मास्केलिनाइट सापडतं."

दोन्ही वाक्यांची बांधणी सारखीच आहे. आधी एक विधान, मग स्वल्पविराम, मग 'कारण' आणि शेवटी आणखी एक विधान. तरीही ही दोन वाक्यं अगदी वेगळी कामं करतात. पहिलं वाक्य आहे स्पष्टीकरण आणि दुसरं आहे युक्तिवाद. हा फरक लक्षात आला नाही, तर सोशल मीडियावर आपण चुकीच्या जागी पुरावा मागतो आणि जिथे मागायला हवा तिथे गप्प बसतो.

## नेमका फरक काय?

पहिल्या वाक्यात पाणी गुलाबी झालं की नाही, हा प्रश्नच नाही. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ते का झालं, एवढंच लिहिणारा सांगतो आहे. आधीच मान्य असलेली गोष्ट कशी किंवा का घडली हे सांगणं म्हणजे स्पष्टीकरण.

दुसऱ्या वाक्यात परिस्थिती उलटी आहे. लोणारचं विवर उल्कापाताने झालं, हे कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते ज्वालामुखीमुळे झालं असावं, असं मत बराच काळ मांडलं जात होतं आणि ते अगदीच निराधार नव्हतं. दख्खनचं पठार लाव्हारसापासून बनलेल्या बसाल्ट खडकाचं आहे. त्या खडकात मोठा गोल खड्डा दिसला, तर ज्वालामुखीची शंका येणं साहजिक होतं. म्हणजे इथे पहिलं विधानच वादातलं आहे आणि वाचकाला ते पटवून द्यायचं आहे. जे मान्य नाही किंवा ज्यावर शंका आहे, ते पटवण्यासाठी आधार देणं म्हणजे युक्तिवाद. 'युक्तिवाद' म्हटलं की आपल्याला कोर्टातले वकील आठवतात, पण इथे त्याचा अर्थ भांडण किंवा वादावादी असा नाही. आधार आणि त्यातून काढलेला निष्कर्ष, एवढाच अर्थ आहे.

आता मास्केलिनाइटकडे पाहा. बसाल्ट खडकात फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. त्याला प्रचंड मोठा धक्का बसला, तर त्याची आतली स्फटिकरचना मोडते आणि त्याचं काचेसारखं रूप तयार होतं. तेच मास्केलिनाइट. त्यासाठी लागणारा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही, अतिवेगाने येऊन आदळणाऱ्या उल्केमुळे होतो. लोणारच्या खडकात ते सापडल्याचं आणि म्हणून हे आघाती विवर असल्याचं 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकातल्या लेखात मांडलं गेलं. म्हणजे मास्केलिनाइट हा पुरावा आहे. त्याने विवर तयार केलेलं नाही.

नेमकं इथेच दोन्ही वाक्यांतलं 'कारण' वेगळं होतं. पहिल्या वाक्यातल्या सूक्ष्मजीवांनी पाणी खरोखरच गुलाबी केलं. दुसऱ्या वाक्यातल्या मास्केलिनाइटने काहीच केलं नाही. काय घडलं होतं, हे ते आपल्याला फक्त कळवतं. संस्कृत शास्त्रपरंपरेत या दोन प्रकारच्या कारणांना वेगवेगळी नावं आहेत. घडवून आणणारं ते 'कारक' आणि कळवणारं ते 'ज्ञापक'.

## धूर आणि आग

भारतीय न्यायशास्त्रातलं अनुमानाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर. ते मराठीत असं मांडता येईल:

"डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे."

आता हेच उलटं करू:

"डोंगरावर आग आहे, म्हणून धूर दिसतोय."

जोडणारा शब्द एकच, 'म्हणून'. वस्तूही त्याच दोन. पण पहिलं वाक्य युक्तिवाद आहे. आग आपल्याला दिसत नाही, धूर दिसतो आणि धुरावरून आपण आगीपर्यंत पोचतो. दुसरं वाक्य स्पष्टीकरण आहे. धूर तर सगळ्यांना दिसतोच आहे, तो कशामुळे आला ते सांगितलं आहे.

धुरामुळे आग लागत नाही, आगीमुळे धूर येतो. पण आपल्याला आगीची माहिती मिळते ती धुरावरून. गोष्टी घडण्याचा क्रम आणि त्या आपल्याला कळण्याचा क्रम असे उलटसुलट असू शकतात. म्हणूनच नुसता 'म्हणून' किंवा 'कारण' पाहून उताऱ्याचा प्रकार ठरवता येत नाही.

## शब्द काय सांगतात?

तरीही शब्द मदत करतात, फक्त ते कुठवर मदत करतात हे माहीत हवं. मराठीतल्या अशा शब्दांचे साधारण तीन गट पडतात.

पहिला गट युक्तिवादाकडे झुकणारा. 'यावरून', 'ज्या अर्थी... त्या अर्थी', 'सबब', 'यातून सिद्ध होतं', 'निष्कर्ष असा की'. हे शब्द आले की लिहिणारा बहुधा आधाराकडून निष्कर्षाकडे निघालेला असतो. याच गटात क्रियापदाची काही रूपंही येतात. "रस्ता ओला आहे, म्हणजे रात्री पाऊस पडला असणार." इथला 'असणार' भविष्यकाळ सांगत नाही, अंदाज सांगतो. 'असणार', 'असावा', 'असलाच पाहिजे' ही अनुमानाची खूण आहे.

दुसरा गट स्पष्टीकरणाकडे झुकणारा. 'यामुळे', 'परिणामी', 'याचा परिणाम म्हणून', 'यामागचं कारण असं की', 'त्यातून हे घडलं'. हे शब्द घडण्याची साखळी सांगतात.

तिसरा गट दोन्हीकडे चालणारा. 'कारण', 'म्हणून' आणि बोलताना 'त्यामुळे' सुद्धा. आपण सर्वांत जास्त वापरतो ते नेमके हेच शब्द.

आता थोडी सावधगिरी. 'वरून' दिसलं की युक्तिवाद, असं समजू नका. "पाण्यावरून दोन गावांत भांडण झालं" या वाक्यात 'वरून' भांडणाचा विषय सांगतं, पुरावा नाही. 'म्हणून' तर कित्येकदा कारणाशी संबंधितच नसतो. "तो येतो म्हणून सांगून गेला" यात फक्त त्याचं बोलणं कळवलं आहे. आणि एकाच वाक्यात दोन्ही प्रकारचे शब्द येऊ शकतात. "विवर उल्कापातामुळे झालं आहे, कारण मास्केलिनाइट सापडतं" या वाक्यात 'मुळे' आहे, पण तो निष्कर्षाच्या आत बसलेला आहे. निष्कर्ष एका कारणाबद्दल आहे, आणि तो पटवण्यासाठी 'कारण' या शब्दाने पुरावा जोडला आहे.

## शब्द बदलून पाहा

तिसऱ्या गटातला शब्द आला तर एक सोपी चाचणी करता येते. तो शब्द काढा आणि त्याजागी आधी 'यावरून कळतं की' घालून पाहा, मग 'यामुळे' घालून पाहा. गरज पडली तर विधानांचा क्रम बदला.

लोणारच्या दुसऱ्या वाक्यावर चाचणी करू. "लोणारच्या खडकात मास्केलिनाइट सापडतं, यावरून कळतं की विवर उल्कापाताने झालं." हे नीट बसतं. "लोणारच्या खडकात मास्केलिनाइट सापडतं, यामुळे विवर उल्कापाताने झालं." हे हास्यास्पद वाटतं. म्हणजे हा युक्तिवाद.

पहिल्या वाक्यावर करू. "गुलाबी सूक्ष्मजीव वाढले, यामुळे पाणी गुलाबी झालं." बसतं. "गुलाबी सूक्ष्मजीव वाढले, यावरून कळतं की पाणी गुलाबी झालं." व्याकरणात बसलं तरी विचित्र वाटतं, कारण पाणी गुलाबी झाल्याचं कळायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. म्हणजे हे स्पष्टीकरण.

हीच चाचणी प्रश्नांच्या रूपातही करता येते. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे प्रश्न तयारच आहेत, 'कशामुळे?' आणि 'कशावरून?'. उतारा वाचून स्वतःला विचारा की लिहिणारा यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे. "कशामुळे झालं?" याचं उत्तर देत असेल तर स्पष्टीकरण. "कशावरून म्हणता?" याचं उत्तर देत असेल तर युक्तिवाद.

## चाचणी अडते तेव्हा हेतू पाहा

काही वाक्यांत दोन्ही शब्द बसतात. "यंदा बाजारात कांदा कमी येणार, कारण अवकाळी पावसात पीक गेलं." पीक गेलं यामुळे आवक कमी होणार, हे बरोबर. पीक गेलं यावरून आवक कमी होणार असं म्हणता येतं, हेही बरोबर. मग हे नक्की काय?

अशा वेळी शब्द बाजूला ठेवून हेतू पाहावा लागतो. वाक्य कोणासाठी लिहिलं आहे, आणि त्या वाचकाला 'कारण'च्या आधीची गोष्ट अगोदरच मान्य आहे का? कांद्याची आवक अजून घटलेली नाही, तो लिहिणाऱ्याचा अंदाज आहे आणि तो पटवण्यासाठी पिकाचा दाखला दिला आहे. म्हणून हा युक्तिवाद. दोन महिन्यांनी बाजार रिकामा दिसत असताना कोणी लिहिलं, "कांदा कमी आला, कारण अवकाळी पावसात पीक गेलं", तर तेच स्पष्टीकरण होईल. शब्द जवळपास तेच, पण वाचकाला काय मान्य आहे ते बदललं.

म्हणूनच एखादा सुटा स्क्रीनशॉट पाहून प्रकार ठरवणं कठीण जातं. त्याच्या आधी काय लिहिलं होतं, ते कोणाला उत्तर होतं, हे पाहावं लागतं.

## स्पष्टीकरणालाही पुरावा लागतो तेव्हा

पुन्हा लोणारच्या गुलाबी पाण्याकडे येऊ. पाणी गुलाबी झालं हे मान्य. पण ते सूक्ष्मजीवांमुळेच झालं, हे कशावरून? एखाद्या शैवालामुळे किंवा बाहेरून मिसळलेल्या कशामुळे झालं नसेल कशावरून?

हा प्रश्न विचारताच विषय बदलतो. आता 'पाणी गुलाबी झालं' हे वादात नाही, 'ते सूक्ष्मजीवांमुळे झालं' हे वादात आहे. म्हणजे आख्खं स्पष्टीकरणच आता निष्कर्षाच्या जागी आलं आणि त्याला पुरावा हवा.

त्या वेळी सरोवराच्या पाण्याचे नमुने तपासणीला पाठवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीतून हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव कारण असल्याचं समोर आलं. हे जीव अतिखाऱ्या पाण्यात वाढतात आणि त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं. त्या तपासणीतलं एक निरीक्षण इथे फार उपयोगी आहे. नमुन्याचं पाणी काही काळ स्थिर ठेवल्यावर जीवांचा थर तळाशी बसला आणि वरचं पाणी पारदर्शक झालं. यावरून रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, त्यात तरंगणाऱ्या जीवांचा होता हे कळतं.

आता दोन उतारे शेजारी ठेवा. "सूक्ष्मजीव वाढले, यामुळे पाणी गुलाबी झालं" हे स्पष्टीकरण. "जीव तळाशी बसले की पाणी पारदर्शक होतं, यावरून रंग सूक्ष्मजीवांमुळे आला होता हे कळतं" हा त्या स्पष्टीकरणाच्या बाजूने केलेला युक्तिवाद. चांगल्या विज्ञानलेखात हे दोन्ही असतात. फिरणाऱ्या पोस्टमध्ये बऱ्याचदा फक्त पहिलं असतं. पहिलं असणं चूक नाही, पण ते पुरावा नाही हे लक्षात ठेवायला हवं.

## सर्वांत जास्त फसवणारी जागा

स्पष्टीकरण वाचताना आपण नकळत एक गोष्ट मान्य करून बसतो. ती म्हणजे, ज्याचं स्पष्टीकरण चाललं आहे ते खरंच घडलं आहे.

हा मजकूर पाहा: "पौर्णिमेच्या रात्री बाळंतपणं जास्त का होतात? चंद्राच्या आकर्षणामुळे समुद्राला भरती येते. आपल्या शरीरातही बरंचसं पाणीच असतं. त्यामुळे चंद्राचा परिणाम गर्भाशयातल्या पाण्यावरही होतो."

हा मजकूर 'का?'ने सुरू होतो, 'मुळे' आणि 'त्यामुळे' या शब्दांनी पुढे सरकतो. सगळी खूण स्पष्टीकरणाची. वाचणारा लगेच विचार करू लागतो की चंद्राचा असा परिणाम होऊ शकतो का. भरती येते हे खरं, शरीरात पाणी असतं हेही खरं, म्हणून मजकूर पटतो. पण पहिलाच प्रश्न निसटला. पौर्णिमेला बाळंतपणं खरंच जास्त होतात का?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात 1997 ते 2001 या काळातल्या 5 लाख 64 हजारांहून अधिक जन्मांची नोंद चंद्राच्या कलांशी ताडून पाहिली गेली. पौर्णिमेला किंवा इतर कोणत्या कलेला जन्म वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे जे घडतच नाही, त्याचं स्पष्टीकरण आपण तपासत बसलो होतो.

अशा मजकुरावर प्रतिक्रिया देताना "चंद्राची ओढ इतकी नसते" असं म्हणत भौतिकशास्त्रात शिरलं की वाद लांबतो आणि मूळ दावा तसाच राहतो. त्याऐवजी थेट विचारावं, "जास्त होतात हे कशावरून?" या एका प्रश्नाने स्पष्टीकरणाचा वेश घेतलेलं विधान पुन्हा दाव्याच्या जागी येतं आणि पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर जाते.

## स्पष्टीकरण म्हणजे समर्थन नव्हे

उलट चूकही तितकीच होते. समजा कोणी लिहिलं, "शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, कारण भाव इतका पडला की काढणीचा खर्चही निघत नव्हता." खाली लगेच प्रतिक्रिया येते, "म्हणजे तुमच्या मते रस्ता अडवणं बरोबर आहे? रुग्णवाहिका अडकल्या असत्या तर?"

लिहिणाऱ्याने 'कशामुळे?' या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. वाचणाऱ्याने ते 'योग्य कशावरून?' या प्रश्नाचं उत्तर समजून वाचलं. रस्ता अडवणं का घडलं आणि रस्ता अडवणं योग्य होतं का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली समजून घेऊनही दुसरीला ठाम नकार देता येतो.

पण कधीकधी लिहिणाराही स्पष्टीकरणाच्या आडून समर्थन करतो, हेही खरं. ते ओळखायचं कसं? 'पाहिजे', 'हवं', 'योग्यच', 'चुकीचं काय', 'दुसरं करणार तरी काय' असे शब्द शोधा. "भाव पडला, म्हणून त्यांनी रस्ता अडवला" हे स्पष्टीकरण. "भाव पडला, मग रस्ता अडवला यात चुकीचं काय?" हा युक्तिवाद, कारण इथे निष्कर्ष घटनेबद्दल नाही, तिच्या योग्यतेबद्दल आहे. पहिल्यावर उत्तर द्यायचं तर कारण खरं आहे का ते तपासावं. दुसऱ्यावर द्यायचं तर ते कारण पुरेसं आहे का, यावर बोलावं.

## एखादा उतारा हातात आला की

सगळ्यात आधी मुख्य विधान शोधा, म्हणजे बाकीची वाक्यं ज्याच्यासाठी लिहिली आहेत ते. मग पाहा, ते तुम्हाला आणि लिहिणाऱ्याला आधीच मान्य आहे का. मान्य असेल तर बाकीचं बहुधा स्पष्टीकरण. नसेल तर तो युक्तिवाद आहे, किंवा असायला हवा होता.

त्यानंतर शब्द तपासा. 'कारण' आणि 'म्हणून' यांच्या जागी 'यावरून' आणि 'यामुळे' घालून काय बसतं ते पाहा. दोन्ही बसत असतील तर मजकूर कोणासाठी आणि कशाच्या उत्तरात लिहिला आहे, त्यावरून ठरवा. काही उतारे शेवटपर्यंत दुहेरी राहतात. तेव्हा लिहिणाऱ्यालाच विचारणं सर्वांत सरळ: "हे तुम्ही कसं घडलं ते सांगताय, की घडलं हे पटवून देताय?"